रोख चक्राचे दिवस आणि खेळत्या भांडवलाचे रुपये

शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं मशिनिंग करणारा एक छोटा कारखाना उदाहरणासाठी धरू. वर्षाची विक्री जीएसटी सोडून ३ कोटी ६० लाख, मालाचा उत्पादनखर्च २ कोटी ८८ लाख, कच्च्या मालाची खरेदी २ कोटी १६ लाख. ताळेबंदात साठा ४० लाख, ग्राहकांकडून येणं ७० लाख, पुरवठादारांचं देणं २१ लाख.

रोख चक्र सांगतं की मालात घातलेला रुपया किती दिवसांनी परत हातात येतो. साठा उत्पादनखर्चाशी ताडला तर ५१ दिवस निघतात. येण्याला मात्र सरळ विक्रीने भागू नका. ७० लाखांत १८ टक्के जीएसटी आहे, विक्रीच्या आकड्यात तो नाही. तो वगळला की ५९ लाख उरतात, म्हणजे ६० दिवस. न वगळता भागलं तर ७१ दिसतात आणि वसुलीवाल्यावर उगाच राग निघतो. देण्यातलाही जीएसटी काढून खरेदीने भागलं की ३० दिवस. ५१ आणि ६० मधून ३० गेले, चक्र ८१ दिवसांचं.

किती पैसा अडकतो, हा वेगळा प्रश्न. इथे जीएसटी वगळायचा नाही, कारण ग्राहकाने पैसे दिले नसले तरी तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आसपास सरकारला भरावा लागतोच. ४० अधिक ७० वजा २१, म्हणजे ८९ लाख. अनेकजण ८१ दिवसांना रोजच्या विक्रीने गुणून ८० लाख काढतात आणि नऊ लाखांनी कमी पडतात.

चूक गुणाकारात नाही, तिन्ही दिवस सारख्या किमतीचे धरण्यात आहे. येण्याचा एक दिवस जीएसटीसह सुमारे १ लाख १७ हजारांचा, देण्याचा ७० हजारांचा. समजा वसुली दहा दिवस लवकर झाली आणि पुरवठादारांनाही दहा दिवस लवकर पैसे दिले. चक्र ८१ वरच राहील, पण साधारण साडेचार लाख मोकळे होतील. उलट विक्री चौथ्या हिश्श्याने वाढली आणि दिवस तेवढेच राहिले, तर सुमारे २२ लाख जादा लागतील. ऑर्डर भरपूर असूनही बँकेचं कॅश क्रेडिट म्हणजे सीसी खातं कायम तळाला का, याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

बँका छोट्या उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचा ठोकताळा वापरतात: खेळत्या भांडवलाची गरज अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के, त्यातले २० बँकेचे, ५ मालकाचे. इथे गरज ९० लाख, बँकेचे ७२. आपल्या ८९ शी हे जुळलं, कारण २५ टक्के म्हणजे वर्षातले ९१ दिवस आणि हे चक्र त्याच्या जवळपास आहे. ग्राहक १२० दिवस लावणारा असेल तर ही मर्यादा तोकडी पडणार.

आणि आकडे फक्त ३१ मार्चचे घेऊ नका. वर्षअखेरीला माल रेटून पाठवलेला असतो, त्यामुळे साठा कमी आणि येणं फुगलेलं दिसतं. बारा महिनाअखेरींची सरासरी काढा, आणि रिजेक्शनच्या वादात अडकलेली बिलं येण्यातून आधी बाजूला ठेवा.