मे महिन्यातलं अर्थिंग रीडिंग का हवं: पुण्याची माती, मिठाचे पिट आणि गंजलेला पाईप

एप्रिल-मे आला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि भोसरीकडच्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी तोच वाद सुरू होतो. पावसाळ्यानंतर ज्या अर्थ पिटचं रीडिंग सहा ओहमच्या आत होतं तो आता बारा दाखवतोय, काँट्रॅक्टर म्हणतो पिट गेला नवीन मारा, कमिटी म्हणते पाऊस पडला की येईल खाली. दोघांचंही बरोबर असू शकतं आणि दोघंही चुकू शकतात, कारण बारा या एकट्या आकड्यावरून माती सुकली की पाईप खाल्ला गेला हे कळतच नाही. ते कळायला उन्हाळ्याचं आणि पावसाळ्यानंतरचं अशी दोन्ही रीडिंग लागतात, आणि आपल्याकडे नेमकं उन्हाळ्याचं रीडिंगच नीट घेतलं जात नाही. हे असं का झालं ते बघायला जरा मागं जावं लागतं.

१९५६ च्या वीज नियमांमध्ये अर्थिंगच्या कलमात एक स्पष्ट वाक्य होतं, की सप्लाय देणाऱ्याच्या अर्थिंगची टेस्ट कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, दोन वर्षांत किमान एकदा व्हायला हवी. २०१० मध्ये ते नियम जाऊन नवीन आले तेव्हाही कोरड्या दिवसाची ही अट राहिली. अट सप्लायरसाठी होती, पण कारखान्यांच्या मेंटेनन्सवाल्यांनी ती आपली मानली आणि पुढे सोसायट्यांच्या वार्षिक काँट्रॅक्टमध्येही ती शिरली. म्हणजे सगळ्यात वाईट दिवशी मोजा, हा विचार जुना आहे, कुणा इन्स्पेक्टरची लहर नाही.

पण त्याच काळातल्या पद्धतीत दुसरी एक गोष्ट होती, आणि खरी गुंतागुंत तिथून सुरू होते. आपला नेहमीचा पिट म्हणजे जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर फनेल आणि काँक्रीटची पेटी. फनेल कशाला? तर उन्हाळ्यात पाणी घालायला. मग टेस्टच्या आदल्या रात्री चार बादल्या ओतल्या तर चुकलं काय, असं विचारणारे खूप आहेत, आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पिट ओला ठेवूनच वापरायचा असं डिझाइन असेल तर ओल्या अवस्थेत मोजणं योग्यच, कोरडा करून मोजणं म्हणजे टायरमधली हवा काढून गाडीचा अ‍ॅव्हरेज बघण्यासारखं, असं ते म्हणतात. हे त्या जागी लागू पडतं जिथे खरंच दर आठवड्याला पाणी पडतं आणि त्याची नोंद असते, एखाद्या सबस्टेशनमध्ये असा माणूस ठेवलेला असतो. सोसायटीत वर्षभर फनेलचं झाकण कुणी उघडत नाही, ते एकदम टेस्टच्या आदल्या रात्री उघडतं. फॉल्ट मात्र तारीख विचारून येत नाही, तो मेमध्ये कोरड्या पिटवरही येतो, आणि रिपोर्टमध्ये लिहिलेला आकडा त्या रात्री तिथे नसतो. म्हणून माझं मत ठाम आहे, पाणी घालायचं तर वर्षभर घाला, फक्त टेस्टसाठी घालू नका. आणि पाणी घालून घेतलेलं रीडिंग असेल तर तसं रिपोर्टवर लिहा, ते न लिहिणं हीच खरी फसवणूक आहे.

इथे एक घोळ हमखास होतो. टेस्टच्या वेळी दूर जे दोन स्पाइक ठोकतात त्यांच्याभोवती पाणी ओतलं तर चालतं, मुरमात ते ओतावंच लागतं, कारण स्पाइकचा स्वतःचा रेझिस्टन्स फार असला तर मीटर एरर देतो. त्या पाण्याने पिटचा आकडा बदलत नाही. पिटमध्ये ओतलेल्या पाण्याने बदलतो. साइटवर कुणी बादली घेऊन फिरताना दिसला की तो नक्की कुठे ओततोय ते बघा.

आता माती. पुण्यात नदीकाठच्या भागात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड, आणि टेकडीच्या बाजूला तर दोन-तीन फुटांवरच दगड लागतो. मातीतला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर असेपर्यंत रेझिस्टिव्हिटी, म्हणजे माती करंटला किती अडवते ते, फार हलत नाही, त्याखाली गेला की झपाट्याने चढते. काळी माती वर आणखी एक त्रास देते, सुकली की आकसते आणि भेगा पडतात, त्यामुळे पाईप आणि मातीच्या मध्ये फट पडते. मुरमात फट पडत नाही पण पाणी थांबत नाही, आणि पाण्याबरोबर मीठही निघून जातं. मीठ दर पावसात वाहून जातं म्हणून ते पुन्हा भरावं लागतं, आणि जोवर असतं तोवर ते जीआयला खातं. भरीला कोकसारखा कार्बन झिंकला आणि लोखंडाला चिकटून ओल्या मिठात बसला की बॅटरीसारखी क्रिया चालते आणि त्यात झिजतो तो पाईप. म्हणजे ज्या दोन गोष्टी पहिल्या वर्षी रीडिंग खाली आणतात त्याच दहाव्या वर्षी पाईप संपवतात.

गंज आणि रीडिंगचं नातं मात्र लोकांना वाटतं तसं सरळ नाही. पाईप पातळ झाला म्हणून रेझिस्टन्स वाढत नाही, कारण पिटचा रेझिस्टन्स पाईपच्या जाडीवर फारसा नसतो, तो लांबीवर आणि मातीवर असतो. उभ्या पाईपचं नेहमीचं सूत्र असं आहे:

```
R = ρ/(2πL) × (ln(8L/d) − 1)
```

L पाईपची लांबी, d व्यास, ρ मातीची रेझिस्टिव्हिटी. ३ मीटर लांब आणि ४० मिलिमीटर व्यासाचा पाईप घातला तर R म्हणजे ρ च्या साधारण ०.२९ पट येतो. लांबी निम्मी करून १.५ मीटर घेतली तर ०.५ पट. म्हणजे पाईप खालून कुजून तुटला तर आकडा पावणेदोन पट होतो, आणि तुटेपर्यंत जवळजवळ काहीच होत नाही.

आता एका कंपाउंडमधले तीन एकसारखे पिट घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत पण सूत्रातूनच काढलेत. कोथरूडची सोसायटी धरा, तिघांचा पाईप ३ मीटर, मीठ केव्हाच वाहून गेलेलं. मोकळ्या जागेत एका रेषेत चार स्पाइक ३-३ मीटरवर ठोकून मातीची रेझिस्टिव्हिटी काढली, म्हणजे मीटरवरच्या आकड्याला साधारण १९ ने गुणलं. सप्टेंबरमध्ये २० ओहम-मीटर, मेमध्ये ४२. पहिला पिट सप्टेंबरमध्ये ५.७, मेमध्ये १२. दोन्ही वेळा मातीच्या आकड्याने भागा, ०.२९ च येतं. पिट ठीक आहे, माती सुकली आहे, नवीन पिटला पैसे घालवायचं कारण नाही. दुसरा पिट सप्टेंबरमध्ये ९.७, तिसरा १०. इथे थांबलं तर दोघं सारखेच आजारी दिसतात. मेमध्ये दुसरा १६ होतो आणि तिसरा २१.

दुसऱ्यात दोन्ही वेळा पहिल्यापेक्षा बरोबर ४ ओहम जास्त आहेत, मातीचा त्या चाराशी संबंध नाही, म्हणजे ते वर जोडणीत आहेत, पाईपच्या क्लॅम्पखाली किंवा पाईपपासून वर येणाऱ्या धातूच्या पट्टीच्या म्हणजे स्ट्रिपच्या बोल्टवर गंज बसलाय. खात्री करायची तर क्लॅम्प हलवा, आकडा नाचला तर तिथेच आहे. घासून, बोल्ट बदलून, ग्रीस लावून काम होतं. तिसऱ्यात मात्र भागाकार दोन्ही वेळा ०.५ येतो, जास्तीचे ओहम मातीबरोबर वाढलेत, म्हणजे पाईपची लांबीच कमी झाली, तो निम्म्यावर तुटलाय. हा पिट नवीनच करायचा. प्रत्यक्षात आकडे इतके नीट जुळत नाहीत, उरलेला वरचा भाग जास्त सुकलेल्या थरात असतो म्हणून मेमध्ये ०.५ चं ०.६ होईल, पण फरक टिकतो. आणि तो दिसतो मेमुळेच.

हे सगळं करताना पिटची लिंक, म्हणजे त्याला बाकीच्या अर्थिंगशी जोडणारा तुकडा, सोडवलेली हवी, नाहीतर तीनही पिट मिळून एकच आकडा येतो आणि मेलेला पिट बाकीच्या दोघांमागे लपतो. लिंक सप्लाय चालू असताना सोडवायची नाही, एवढं लक्षात असू द्या. करंटचा स्पाइक साधारण ३० मीटरवर, व्होल्टेजचा त्याच्या ६२ टक्क्यांवर म्हणजे १८.६ मीटरवर, मग तो ३ मीटर पुढे-मागे करून तीन रीडिंग, तीनही जवळपास सारखी आली तरच खरी.

गेल्या वीसेक वर्षांत यात नवीन अडचणी आल्या. पार्किंगला काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले, पावसाचं पाणी पिटपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे सप्टेंबरचा आकडाही खाली येत नाही आणि चांगला पिट तुटल्यासारखा दिसतो, बागेत मोजलेली माती तर ओली निघते. अशा वेळी खणूनच बघावं लागतं. स्पाइक ठोकायला जागा नाही म्हणून क्लॅम्प मीटर आले, ते लिंक न सोडता मोजतात, पण त्यात बाकीच्या पिटमधून फिरून येणारा पूर्ण वळसा लागतो, एकटाच पिट असेल तर आकडा चुकीचाच. शिवाय कुठलाही टेस्टर अगदी थोडाच करंट सोडतो, ९० टक्के गंजलेली स्ट्रिपही तेवढा आरामात नेते, आणि फॉल्टचे शेकडो अँपिअर आले की वितळते. म्हणून चांगलं रीडिंग आलं तरी जमिनीत शिरते त्या जागी स्ट्रिप उघडून डोळ्यांनी बघावीच, हवा आणि माती मिळतात तिथेच ती सगळ्यात आधी जाते.

आणि नोंदींचं म्हणाल, तर १९५६ च्या त्याच कलमात रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवा असं होतं. बहुतेकांनी किमान हेच पुरेसं धरलं. त्यामुळे आज पिट जाऊन बघितला तर तो नवा होता तेव्हाचं रीडिंग फाइलमध्ये नसतंच, आणि तुलना करायला तेच लागतं.