तळणीच्या तेलाचा पुनर्वापर

पुऱ्या, भजी, वडे तळून उरलेले तेल गाळून पुन्हा तळणीला घेण्याची पद्धत. पुण्यात ती घरोघरी आहे आणि वडापावच्या गाडीपासून सिंहगडावर भजी विकणाऱ्यांपर्यंत सर्वत्र आहे. तेल महाग असल्याने ते एकदा वापरून टाकणे बहुतेकांना परवडत नाही, आणि तशी गरजही नसते. मात्र तेल पुन्हा घेण्याजोगे आहे की फेकण्याजोगे, हे ठरवताना बहुतेक लोक केवळ रंग पाहतात. रंग हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे.

भज्यांच्या बेसनात हळद आणि तिखट असते. पिठाचे सुटलेले कण कढईच्या तळाशी करपतात आणि एकाच घाण्यात तेल तांबूस दिसू लागते, पण म्हणून ते बिघडलेलेच असते असे नाही. उलट पुऱ्या तळलेले तेल दोन-तीन वेळा तापूनही पिवळेच राहते आणि आतून बरेच खराब झालेले असू शकते. कारण रंग मुख्यतः पदार्थातून येतो, तर बिघाड पाणी, हवा आणि उष्णता या तिघांमुळे होतो. ओल्या पिठातील पाण्याची वाफ होताना तेलाचे रेणू तुटून मोकळी स्निग्धाम्ले तयार होतात, आणि त्यांच्यामुळे तेल पूर्वीपेक्षा कमी तापमानाला धूर सोडू लागते. हवेतील प्राणवायूमुळे तेल खवट होते आणि आल्डिहाइडे तयार होतात. जास्त उष्णतेत रेणू एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तेल दाट होते. कढईच्या कडेला बसणारा, घासूनही न निघणारा तपकिरी चिकट थर म्हणजे हेच मोठे रेणू. तो प्रत्येक तळणीनंतर वाढत असेल, तर आतल्या तेलाचे काय झाले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

घरच्या घरी सर्वांत नेमकी खूण फेसाची. कोणत्याही तेलात भजी सोडली की बुडबुडे येतात. ती पाण्याची वाफ असते. चांगल्या तेलात हे बुडबुडे मोठे असतात, पटकन फुटतात, आणि झाऱ्याने भजी काढली की दोन-चार सेकंदांत तेल शांत होते. बिघडलेल्या तेलात फेस बारीक आणि पांढरट असतो, कढईच्या काठाकडे चढतो आणि भजी काढल्यावरही तेलावर तरंगत राहतो. पिठात खाण्याचा सोडा जास्त झाला असेल तरीही असा फेस येऊ शकतो, कारण सोडा आणि मोकळी स्निग्धाम्ले मिळून थोडासा साबण बनतो. म्हणून शंका आल्यास पुढच्या वेळी सोड्याऐवजी गरम तेलाचे मोहन घालून पाहावे. फेस तरीही राहिला, तर दोष तेलाचा.

दुसरी खूण धुराची. पुरीला तेल साधारण 180 अंश सेल्सिअस लागते. तेल तापत असताना कणकेची छोटी गोळी टाकावी. गोळी लगेच वर येईल इतके तापण्याआधीच तेलातून धूर निघत असेल, तर त्या तेलाचा तळणीसाठी उपयोग संपला. घाण्याचे शेंगदाणा तेल ताजे असतानाही रिफाइंड तेलापेक्षा लवकर धुरावते, त्यामुळे ही कसोटी रिफाइंड तेलालाच नीट लागू पडते. वासही पाहावा. गार तेलाला जुन्या ऑइलपेंटसारखा किंवा खवट वास आला, तर गरम करून पाहण्याचीही गरज नाही. शेवटची खूण पदार्थात दिसते. भजी बाहेरून लवकर काळपट होतात, आत कच्ची राहतात आणि कागदावर ठेवली की तेल सोडतात.

एका घरचे उदाहरण घेऊ. रविवारी श्रीखंड-पुरीसाठी कढईत एक लिटर रिफाइंड शेंगदाणा तेल घेतले. पुऱ्या लाटताना पिठी न लावता तेलाचे बोट लावले, तर तळाशी पीठ करपत नाही. तळण संपताच गॅस बंद केला, तेल कोमट झाल्यावर पातळ सुती फडक्यातून गाळले आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात अंधारात ठेवले. लोखंडी कढईत किंवा पितळेच्या भांड्यात ठेवले नाही, कारण लोखंड आणि तांबे तेल खवट होण्याचा वेग वाढवतात. दोन दिवसांनी पावसाळी संध्याकाळी त्याच तेलात कांदाभजी केली. क्रम हाच योग्य. आधी भजी केली असती, तर बेसनाचे करपलेले कण आणि कांद्याचा वास पुऱ्यांना लागला असता. आता तेल कमी उरले आहे आणि कमी तेल त्याच आचेवर लवकर जास्त तापते, म्हणून आच मंद हवी. भज्यांनंतर गाळलेले तेल दोन दिवसांत फोडणीला आणि भाजीला संपवणे सर्वांत चांगले. पुन्हा तळायचेच असेल, तर तिसरी वेळ ही शेवटची मानावी, आणि आधीच्या खुणांपैकी एकही दिसली तर तीही घेऊ नये.

‘तीन वेळा’ ही मोजणी घरापुरती आहे. गाडीवरची कढई दुपारपासून रात्रीपर्यंत सलग तापत असते. तिथे तेल किती तास तापले, हाच खरा हिशोब. तेल कमी झाले की वरून ताजे ओतण्याची रीत तेल चांगले असेपर्यंत ठीक आहे. फेस किंवा धूर दिसू लागल्यावर ताजे तेल ओतले, तर खुणा काही वेळ झाकल्या जातात आणि ताजे तेलही लवकर बिघडते. अशा वेळी कढई पूर्ण रिकामी करून घासूनच नवे तेल घ्यावे.

व्यवसायासाठी कायद्याची मर्यादा आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास ते वापरता येत नाही. बिघाडातून तयार झालेल्या बहुतेक पदार्थांची ही एकत्रित मोजणी असते. गरम तेलात बुडवायचा हातात धरण्याजोगा मीटर ती काही क्षणांत दाखवतो. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची असते आणि वापरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यायचे असते. त्यापासून बायोडिझेल बनते. असे तेल स्वस्तात लहान विक्रेत्यांकडे जाऊन पुन्हा कढईत पडू नये, हा या व्यवस्थेचा महत्त्वाचा हेतू आहे.

घरातले टाकाऊ तेल मोरीत ओतू नये. ते गार होऊन पाइपात थर धरते आणि सोसायटीची ड्रेनेज लाइन तुंबते. पूर्ण गार झालेले थोडे तेल जुन्या वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात शोषून कचऱ्यात टाकावे. दिवाळीच्या फराळानंतर जास्त उरले, तर झाकणाच्या बाटलीत भरून ‘वापरलेले तेल’ अशी चिठ्ठी लावावी आणि वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे. चिठ्ठी नसेल, तर तीच बाटली चुकून पुन्हा स्वयंपाकाला घेतली जाते.