टॅग आलाय, नाही म्हणायचंय: रंगाचा बेरंग न करता

मैत्रिणीने जिन्याचा एक फोटो टाकला आहे. खाली लिहिलंय: "सात दिवस, सात ब्लॅक अँड व्हाइट फोटो. फोटोत माणूस नको, स्पष्टीकरण नको. रोज एकाला आव्हान. आज तुझी पाळी!" आणि पुढे तुमचं नाव. तुम्हाला हे करायचं नाही. कारण काहीही असो, ते तुमचं आहे. अडचण एवढीच की हा नकार चारचौघांसमोर, तिच्याच पोस्टखाली आणि ती रंगात आलेली असताना द्यायचा आहे.

बहुतेकांच्या मनात आधी येतं ते हे, की आपल्यामुळे साखळी तुटेल. या भीतीचं गणित मांडता येतं, आणि एका चॅलेंजच्या बाबतीत ते मांडलंही गेलं आहे. २०१४च्या उन्हाळ्यात 'आइस बकेट चॅलेंज' जगभर पसरलं. डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची, त्याचा व्हिडिओ टाकायचा आणि पुढच्या काही जणांची, बहुधा तिघांची, नावं घ्यायची. त्यांनी २४ तासांत तसंच करायचं. त्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात काही संशोधकांनी जगप्रसिद्ध व्यक्तींमधली ही साखळी एखाद्या साथीसारखी मोजली. साथीच्या अभ्यासात विचारतात, एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो? तसंच इथे विचारलं, की एकाने आव्हान दिल्यावर सरासरी किती जण ते प्रत्यक्ष घेतात? उत्तर आलं १.४३. एकाने बादली ओतण्यापासून त्याने नाव घेतलेल्याने ओतेपर्यंत सरासरी २.१ दिवस गेले.

प्रत्येकाने तिघांची नावं घेतली असं धरलं, तर तिघांतले जेमतेम निम्मे पुढे आले. बाकीच्यांनी सोडून दिलं. आणि तरीही साखळी वाढतच होती, कारण वाढायला एवढंच लागतं की हा आकडा एकाच्या वर असावा. तिघांना टॅग केलं असेल तर एकाहून थोडे जास्त हो म्हणाले की पुरे. आपल्या ब्लॅक अँड व्हाइट साखळीत एक माणूस सात दिवसांत सात जणांना बोलावतो. म्हणजे सातांतून सरासरी एकाने जरी घेतलं तरी साखळी तग धरते. असल्या साखळ्यांच्या रचनेतच नकाराला भरपूर जागा सोडलेली असते. तुमचा नकार त्या जागेत सहज मावतो.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी टॅग मोजा. एकाच पोस्टमध्ये वीस नावं असतील तर वेगळा नकार लिहूच नका. फोटोबद्दल चार शब्द लिहा, तेवढं पुरतं. वीसांपैकी एकाने "मला नाही जमणार" असं जाहीर केलं की उरलेल्यांना आपणही खुलासा द्यायला हवा असं वाटू लागतं, आणि पोस्टखाली फोटोंऐवजी सबबींची रांग लागते. उलट, एकट्या तुमचंच नाव असेल तर त्या फांदीचं पुढचं टोक तुम्हीच आहात. तिथे गप्प राहणं मैत्रिणीला सगळ्यांसमोर ताटकळत ठेवतं.

पण साखळी टिकणं वेगळं आणि मैत्रिणीची मजा टिकणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीवर मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम उपयोगी पडतं. २००४ साली त्यांनी एक प्रश्न घेतला: आपण आपली आनंदाची गोष्ट कुणाला सांगतो तेव्हा समोरचा कसा प्रतिसाद देतो? चार तऱ्हा निघाल्या. काही जण उत्साहाने विचारपूस करतात. काही मनातून खूश असतात, पण नुसतं "छान" म्हणून थांबतात. काही त्यातली खोट काढतात. काही विषयच बदलतात. यांतल्या फक्त पहिल्या तऱ्हेचा संबंध चांगल्या नात्याशी दिसला. "छान" म्हणून थांबणंसुद्धा दुसऱ्या बाजूला पडलं. हा अभ्यास मुख्यतः प्रेमाच्या जोड्यांवर झाला आणि त्यातून कार्यकारणभाव थेट सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी टॅगच्या बाबतीत त्यातून एक गोष्ट ताडता येते. मैत्रिणीने एका पोस्टमध्ये दोन गोष्टी केल्या आहेत: स्वतःचा फोटो दाखवला आहे आणि तुम्हाला बोलावलं आहे. तिच्या आनंदाचा मोठा वाटा पहिल्या गोष्टीत आहे. नकार फक्त दुसऱ्या गोष्टीला द्यायचा असतो, पण घाईत लोक दोन्हींना मिळून एकच उत्तर देतात: "नाही गं, मी असलं काही करत नाही." आणि तिचा फोटो त्या 'असल्या'त जाऊन पडतो.

म्हणून दोन उत्तरं वेगळी करा. दोन्ही एकाच कमेंटमध्ये मावतात, फक्त क्रम सांभाळावा लागतो. उदाहरणार्थ:

"कठड्याच्या सावल्या काय पकडल्यास! पट्टे थेट भिंतीवर चढलेत. मी चॅलेंजेस करत नाही, त्यामुळे माझी पाळी दुसऱ्या कुणाला तरी दे. तुझे सातही बघणार मात्र नक्की. हा कधी काढलास, सकाळी की उन्हं उतरताना?"

पहिली दोन वाक्यं फक्त याच फोटोला लागू पडतात. "मस्त फोटो" हे कुठल्याही फोटोखाली चालतं, म्हणून त्यातून तो नीट पाहिल्याचं कळत नाही. मग नकार येतो, एका वाक्यात. आणि शेवटी प्रश्न. प्रश्न शेवटी का? संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी दाखवलं होतं की एका बोलण्यात दोन प्रश्न आले की माणूस सहसा शेवटच्याला आधी उत्तर देतो, कारण तो त्याच्या सर्वांत जवळ असतो. नकार शेवटी ठेवलात तर तिचं पुढचं वाक्य नकाराबद्दल येईल: "का गं?" किंवा "कर ना!" प्रश्न शेवटी ठेवलात तर ते फोटोबद्दल येईल: "अगं, साडेपाचला, उन्हं उतरताना!" गप्पा तिच्या फोटोवर राहतात आणि नकार मध्येच, गवगवा न होता, पार पडतो.

आता मधल्या वाक्याचे शब्द. इथे मराठीत तीन वाटा हाताशी असतात आणि तिन्ही फसव्या आहेत. पहिली, "वेळ नाही". ग्रँट डॉनेली, अॅशली विलन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निमंत्रण नाकारण्याची कारणं तपासली होती. पैसे नाहीत या कारणापेक्षा वेळ नाही हे कारण नात्याला जास्त जाचलं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की वेळ तर ज्याच्या त्याच्या हातात असतो. नसेल तर तो दुसऱ्या कशाला तरी दिला. फोटोच्या चॅलेंजला हे आणखी लागू पडतं, असं आम्हाला वाटतं. एका फोटोला दोन मिनिटं लागतात, आणि तुम्ही त्याच दिवशी दुसरीकडे काही टाकलेलं ती पाहणार असते.

दुसरी वाट, "जमणार नाही". हे नम्र आहे, पण ते अडचण सांगतं, आणि अडचण सांगितली की जवळची माणसं ती सोडवायला धावतात. "अगं, फोनमध्ये फिल्टर असतो, मी सांगते." तिचा हेतू चांगला, पण आता तुम्हाला दुसरी अडचण शोधावी लागते. "मी चॅलेंजेस करत नाही" या वाक्यात सोडवण्यासारखं काही नाही. ही तुमची रीत आहे, सगळ्यांना सारखीच लागू. तिला वेगळं काढलेलं नाही. मात्र ते खरं असलं पाहिजे. मागच्याच महिन्यात दुसऱ्या कुणाचं चॅलेंज तुम्ही केलं असेल तर हे वाक्य तुमच्यावर उलटेल. अशा वेळी रीत कमी रुंदीची सांगा: "घरातले फोटो मी टाकत नाही" किंवा "सलग सात दिवसांचं काही मी अंगावर घेत नाही".

तिसरी वाट सर्वांत मोहाची: "बघते", "टाकते नंतर". समोरासमोर बोलताना "बघते" म्हणजे नाही, हे आपल्याला आवाजाच्या ओढीवरून कळतं. लिहिलेल्या "बघते"ला ती ओढ नसते. मैत्रीण ते होकारासारखं वाचते, तुमची पाळी दुसऱ्या कुणाला देत नाही, आणि तिसऱ्या दिवशी आठवण करते. मग जो नकार पहिल्या दिवशी एका वाक्यात झाला असता, तो दिलेला शब्द मोडल्यासारखा होतो.

वेळेचा हिशोब याच्याशी जोडलेला आहे. तिला रोज एक नाव घ्यायचं आहे, म्हणून उत्तर त्याच दिवशी दिलंत तर आजची पाळी आजच दुसऱ्याकडे जाऊ शकते. दुसरं नाव तुम्ही सुचवलं तर बरंच, पण त्या व्यक्तीला न विचारता तिथेच टॅग करू नका. तुमची अडचण तुम्ही त्या तिसऱ्या व्यक्तीच्या गळ्यात घालत असता. आणि "सातही बघणार" असं लिहिलं असेल तर ते पाळा. रोज कमेंट लागत नाही. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी एकेक ओळ टाकलीत तरी तुम्ही सोबत आहात हे तिला कळतं.

काही नकार मात्र पोस्टखाली लिहूच नयेत. पहिली शाळा, पहिला पाळीव प्राणी, जन्मगाव, लाडके शिक्षक अशा प्रश्नांची यादी भरून पुढे पाठवायची चॅलेंजेस येतात. पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवण्यासाठी जे सुरक्षा-प्रश्न विचारतात, त्यांत हेच असतात. तुमचा नकाराचा मुद्दा पक्का आहे आणि मैत्रिणीच्याही भल्याचा आहे, पण तो तिच्या पोस्टखाली लिहिलात तर सगळ्यांसमोर तिची चूक काढल्यासारखं होतं. गेबल यांच्या चार तऱ्हांतली ती तिसरी. पोस्टखाली तिच्या एखाद्या उत्तरावर मनापासून काही लिहा, आणि खाजगी मेसेजमध्ये सांगा: "ती शाळेची आणि मनीची दोन उत्तरं काढून टाक ना, बँकेच्या खात्याला तेच प्रश्न असतात. माझं मी नाही भरत." अशी पोस्ट लवकर उतरलेली बरी, म्हणून हा मेसेज आधी पाठवा.

आता एवढं करूनही ती म्हणाली, "अगं, एकच टाक ना, माझ्यासाठी!" तर? ती रागावली आहे असं लगेच धरू नका. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांनी २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की निमंत्रण नाकारणारा समोरच्याची नाराजी खऱ्यापेक्षा जास्त धरतो. बोलावणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुमचा नकार एकटा नसतो, नाही म्हणण्याआधी तुम्ही विचार केला असणार हेही तो धरून चालतो. त्यामुळे दुसऱ्यांदा उत्तर देताना नवं कारण काढू नका. नव्या कारणाने पहिलं खोटं वाटू लागतं, आणि दोन कारणं सांगणाऱ्याकडे तिसरंही मागितलं जातं. तेच कारण, आधीपेक्षा थोडक्यात, आणि पुन्हा शेवटी प्रश्न: "नाही गं, चॅलेंजेस नाहीच करत. पण उद्याचा कुठला आहे? परत जिनाच की बाहेर पडणारेस?"