बाळंतपणाचा खर्च: आधी तारखा मोजा, मग रक्कम

बाळंतपणाचा क्लेम नाकारला जातो तो बऱ्याचदा तारखेपायी. म्हणून पॉलिसी हातात घेतलीत की रकमेआधी प्रतीक्षा कालावधी पाहा.

समजा, पॉलिसी 10 मार्च 2024 ला सुरू झाली आणि बाळंतपणासाठी 24 महिने थांबायचे आहे. म्हणजे संरक्षण 10 मार्च 2026 पासून. शेवटची पाळी 15 जून 2025 ला आली असेल, तर 280 दिवस मोजून डॉक्टर 22 मार्च 2026 ही तारीख देतील. वरवर पाहता बारा दिवस हाताशी आहेत. पण 37 आठवडे 1 मार्चलाच पूर्ण होतात आणि त्यानंतर कधीही कळा सुरू होऊ शकतात. बाळ 6 मार्चला आले तर पूर्ण दिवसांचे असूनही क्लेम बसणार नाही. तारखेत एवढी कमी फट असेल, तर सगळा खर्च स्वतः करावा लागेल असे धरूनच पैसे बाजूला ठेवा.

काही पॉलिसींत प्रसूतीच्या नव्हे, गर्भधारणेच्या दिवशी कालावधी पूर्ण झालेला लागतो. हे वाक्य सहसा बारीक अक्षरांत असते. विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्या. नूतनीकरण सवलतीच्या मुदतीतही राहून गेले, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकते.

आता रुग्णालयाकडे या. एकच आकडा घेऊन परतू नका. नॉर्मल आणि सिझेरियन अशी दोन लेखी अंदाजपत्रके मागा, कारण निर्णय अनेकदा कळा सुरू झाल्यावरच होतो. तयारी सिझेरियनच्या आकड्याची ठेवा. कागदावर 'प्रत्यक्ष खर्चानुसार' लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवून विचारा: औषधे, हातमोजे-सुया वगैरे साहित्य, भूलतज्ज्ञ, बाळाला तपासणारे डॉक्टर, रक्त. 'पॅकेज'बाहेरचे बहुतेक बिल इथेच वाढते.

खोली निवडताना पॉलिसीची खोलीभाडे मर्यादा पाहा. मर्यादा रोज 4,000 आणि खोली 6,000 ची, असे असेल तर काही पॉलिसी नुसते वरचे 2,000 कापून थांबत नाहीत. शस्त्रक्रियेचे, डॉक्टरांचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे दोन तृतीयांशच, मान्य करतात. शिवाय बाळंतपणाची वेगळी कमाल मर्यादा असते आणि ती एकूण विमा रकमेपेक्षा बरीच कमी असू शकते.

नवजात अतिदक्षता विभाग (एनआयसीयू) हा खर्च आईच्या अंदाजपत्रकात नसतो. त्याचा दिवसाचा दर वेगळा विचारा आणि निदान आठवडाभराची सोय ठेवा. बाळ पहिल्या दिवसापासून पॉलिसीत धरले जाते का, की नाव घालण्यासाठी किती दिवसांत अर्ज हवा, हे आधीच विमा कंपनीला फोन करून विचारून ठेवा. जन्मदाखला हाती येण्याआधी ती मुदत संपत असेल, तर रुग्णालयाच्या जन्मनोंदीच्या कागदावर अर्ज चालतो का, तेही त्याच फोनवर विचारा.