गच्चीवर बाग करण्याआधी स्लॅबचा हिशेब

बागेची पाहणी करायला आमचा माणूस येतो, तेव्हा तो आधी गच्चीवर जात नाही. खालच्या मजल्यावरच्या घरात जाऊन छत बघतो: बीम कुठून गेलेत, कॉलम कुठे आहेत, कुठे ओल किंवा पांढरे क्षार दिसतात का. प्लास्टर फुगून गंजलेली सळई दिसत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल आल्याशिवाय आम्ही काम घेत नाही.

वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या मानकाप्रमाणे स्लॅब आणि कोबा सोडून चौरस मीटरला १५० किलो भार धरतात. म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४ किलो. कोथरूडच्या एका ग्राहकांना पॅरापेटलगत विटांचा वाफा हवा होता, १० फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट मातीचा. ओली माती घनफुटाला ५० किलो भरते. ३० घनफुटांचे झाले दीड टन, चौरस फुटाला ७५ किलो, विटा वेगळ्याच! शिवाय तो भाग बीमच्या बाहेर आलेला होता. तिथे आम्ही कुंडीसुद्धा ठेवू देत नाही.

त्याऐवजी १५ इंची ग्रो बॅगची एक रांग बरोबर बीमच्या वर लावली. कोकोपीट, कंपोस्ट आणि थोडी माती असं मिश्रण भरलेली बॅग भिजल्यावर ३५ ते ४० किलोंची होते. लिंबू आणि शेवग्याचे अर्धे ड्रम शंभराच्या पुढे जातात, म्हणून ते कॉलमच्या डोक्यावर ठेवले. गच्चीचा मध्य मोकळा राहिला. ग्राहकांना ते आधी रुचलं नाही, पण स्लॅब सगळ्यात जास्त वाकतो तो तिथेच.

झाडं कुंड्यांत असली तरी मुळं खालच्या भोकातून बाहेर येतात आणि कोब्याच्या बारीक भेगेत शिरतात. साधी डांबरी शीटही ती भेदतात. म्हणून आम्ही मूळरोधक पीव्हीसी मेंब्रेन घालतो, सांधे गरम हवेने जोडतो आणि पॅरापेटवर मातीच्या पातळीपेक्षा ६ इंच वर चढवतो. मग पन्हाळीची तोंडं बंद करून २ इंच पाणी ४८ तास साठवतो. खालचं छत कोरडं राहिलं तरच त्यावर जिओटेक्स्टाइल, ड्रेन सेल आणि स्टँड येतात. ही चाचणी गाळून काम लवकर उरका, असं कृपया सांगू नका.

पाणीही वजनच असतं. आषाढात पन्हाळीची जाळी पानांनी तुंबून ४ इंच पाणी साचलं, तर चौरस फुटाला ९ किलो तिथेच संपले. म्हणून जाळीभोवती २ फूट काहीही ठेवू नका, कुंड्या जमिनीपासून ४ इंच उंच आणि पॅरापेटपासून हात जाईल इतक्या दूर ठेवा. त्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं, तर दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा. वीतभर वाढलेलं असेल तर ओढू नका, आम्हाला फोन करा. वरचा भाग तुटतो आणि आतलं मूळ पुन्हा फुटतं.