फसलेला तुकडा राउटर फेकून का देत नाही

४जी राउटर बसवून दिल्यावर ग्राहकांचा एक प्रश्न नेहमी येतो: पिंग, म्हणजे डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, ३८ मिलिसेकंद असतो, मधूनच ४६ होतो, कधी ५४. राउटर बिघडलाय का? बहुतेक वेळा नाही. त्याचं कारण नीट समजावून सांगावं म्हणून हे पत्रक.

टॉवर तुमचा डेटा एकेका मिलिसेकंदाच्या तुकड्यांत पाठवतो. प्रत्येक तुकड्यामागे पडताळणीचे २४ बिट जोडलेले असतात. त्यांचा हिशेब जुळला नाही, तर राउटर साधारण ४ मिलिसेकंदांनी 'चुकलं' असं कळवतो आणि टॉवर पुन्हा पाठवतो. एका फेरीला किमान ८ मिलिसेकंद लागतात, म्हणून पिंग आठाच्या पायरीनं चढतो. तोवर टॉवर थांबून राहत नाही, बाकीचे तुकडे मधल्या वेळात येत राहतात.

खरी गंमत पुढे आहे. चुकलेला तुकडा राउटर टाकून देत नाही. प्रत्येक बिटाबद्दल त्याला नुसतं ० किंवा १ कळत नाही, किती खात्री आहे तेही कळतं. समजा दोन बिट आहेत, दोन्ही १, आणि अधिक आकडा म्हणजे १. पहिल्या वेळी राउटरला मिळालं +३ आणि −१, म्हणजे दुसरा बिट चुकला. पुन्हा आलेल्या प्रतीत मिळालं −१ आणि +४, आता पहिला चुकला. दोन्ही प्रती एकेकट्या नापास. पण बेरीज केली की +२ आणि +३, दोन्ही बरोबर! प्रत्यक्षात टॉवर बहुधा तीच प्रत पाठवत नाही, दुरुस्तीचे वेगळे बिट पाठवतो. त्यानं आणखी फायदा होतो. या पद्धतीला हायब्रिड एआरक्यू म्हणतात.

पहिल्या प्रयत्नात दहातला एखादा तुकडा फसावा, अशाच बेतानं टॉवर सहसा वेग निवडतो. एकही फसू नये म्हणून वेग कमी ठेवला, तर तुमचंच नुकसान. म्हणून पिंगची अधूनमधून उडी हा दोष समजू नका.

काळजी कधी करायची? ठरावीक प्रयत्न संपले की जमवलेली बेरीज टाकून दिली जाते आणि वरच्या थरातून तो डेटा नव्यानं मागवावा लागतो. मग व्हिडिओ कॉल अडखळतो. कोकणातल्या एका घरी असंच होत होतं. राउटरच्या पानावर SINR, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरदार आहे तो आकडा, ९ दिसायचा, म्हणजे ठीक. पण मिनिटभर बघत बसलो तर तो ३ ते १४ असा हेलकावे खात होता. अँटेनासमोर आंब्याची फांदी वाऱ्यानं हलत होती. टॉवरनं चांगला क्षण बघून वेग ठरवायचा, आणि तुकडा पोचेपर्यंत फांदी आड यायची. अँटेना दोन फूट बाजूला घेतला आणि कॉल सुरळीत झाले.

म्हणून तक्रार करण्याआधी SINR एकदाच पाहू नका, मिनिटभर पाहा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडा आम्हाला कळवा. आकडा स्थिर असेल आणि वेग फक्त संध्याकाळीच पडत असेल, तर ती टॉवरवरची गर्दी आहे. तिथे अँटेना हलवून फारसं काही साधत नाही, आणि त्यासाठी आम्ही तुमच्याकडून पैसे घेणार नाही.