बँक जुळवणी: दिवसांचा फरक मिटला, नव्वद रुपयांचा उरला

१४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात लुका पाचोली याने वह्या तपासायची रीत सांगितली आहे. एकाने रोजकीर्द वाचायची, दुसऱ्याने खतावणीत ती नोंद शोधायची आणि सापडली की दोन्हीकडे खूण करायची. खुणेविना राहिलेली ओळ म्हणजे चूक. आपण पासबुक आणि रोकड पुस्तक शेजारी ठेवून टिक लावतो, ते हेच काम.

पासबुक हाताने लिहिले जात होते, त्या काळात जुळवणीचा बहुतेक वेळ तारखांत जायचा. धनादेश लिहिला की रोकड पुस्तकात त्याच दिवशी जावक पडायची. घेणारा मात्र तो सावकाश भरायचा. २०१२ च्या एप्रिलपर्यंत धनादेशाची मुदत सहा महिने होती, नंतर ती तीन महिने झाली. परगावचा धनादेश टपालाने त्या गावच्या बँकेत जायचा, पैसे यायला आठवडे लागायचे, आणि काही बँका वटणावळ कापून उरलेलीच रक्कम जमा करायच्या. त्यामुळे तारीख आणि रक्कम दोन्ही जुळत नसत. अशी नोंद शोधणे सर्वांत जिकिरीचे.

२००५ मध्ये एनईएफटी आली. धनादेशाऐवजी त्याचे छायाचित्र पाठवायची पद्धत २००८ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि २०१३ मध्ये मुंबईत पोहोचली. २०१६ पासून यूपीआय आहे. दिवसांचा फरक आता बराच मिटला आहे. रकमेतला किरकोळ फरक मात्र राहिला, कारण शुल्क कापून पैसे जमा होणे थांबलेले नाही. कार्ड मशीनवरच्या विक्रीचे पैसेही बऱ्याचदा शुल्क वजा होऊनच येतात.

या किरकोळ फरकासाठी जुन्या हिशेबनिसांचा एक आडाखा आहे: फरकाला नऊने भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असावी. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले की फरक नेहमीच नऊच्या पटीत येतो. ५४ चे ४५ झाले तर नऊ, ५४० चे ४५० झाले तर नव्वद. मीही हे असेच शिकलो. पण १ जुलै २०१७ पासून बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि शंभराच्या पटीतल्या कोणत्याही शुल्काचा १८ टक्के कर नऊच्या पटीतच येतो. आधीच्या १५ टक्के सेवाकराचे तसे नव्हते: पाचशेवर पंचाहत्तर, नऊने भाग जात नाही. म्हणजे आता तोच आडाखा दोन वेगळ्या चुकांकडे बोट दाखवतो.

एका हार्डवेअर दुकानाच्या मार्चअखेरच्या कामात हे मला नीट दिसले. रोकड पुस्तकात बँकेची शिल्लक १,८४,३५० रुपये होती आणि बँकेच्या उताऱ्यात २,०६,८५०. फरक २२,५०० चा. पुरवठादाराला दिलेला तेवढ्याच रकमेचा धनादेश अजून वटला नव्हता. पत्रक तिथेच जुळले, रुपयाचाही फरक नाही.

तरी ओळीओळीने टिक लावताना दोन नोंदी उरल्या. एका गिऱ्हाइकाची जमा पुस्तकात १८,४५०, उताऱ्यात १८,५४०. बँकेचे शुल्क पुस्तकात ५००, उताऱ्यात ५९०. पहिलीत बँकेकडे नव्वद जास्त, दुसरीत नव्वद कमी, म्हणून एकूण फरक शून्य. नऊने दोन्हीकडे भाग जातो, पण पहिलीत तेच अंक जागा बदलून बसलेले आहेत आणि दुसरीत नाहीत. १८,४५० हा लिहिताना झालेला घोटाळा. ५९० मध्ये कर होता आणि तो लिहायचाच राहिला होता.

शंभर रुपयांपर्यंतचा फरक सोडून द्यायची सवलत ठेवली असती तर संगणकाने या दोन्ही ओळी जुळल्या म्हणून दाखवल्या असत्या. म्हणून मी तारखेला चार-पाच दिवसांची सवलत देतो, रकमेला देत नाही. रक्कम थोडी वेगळी दिसली तर ती ओळ ‘जवळची’ म्हणून वेगळ्या यादीत जाते आणि कारण सापडल्याशिवाय तिला टिक लागत नाही. एक्सेलमध्ये तिच्यापुढे हे सूत्र ठेवतो (`B2` पुस्तकातली रक्कम, `C2` उताऱ्यातली):

```
=MOD(ROUND(ABS(B2-C2)*100,0),9)=0
```

उत्तर `TRUE` आले तर आधी दोन्ही रकमांचे अंक ताडून पाहायचे, मग १८ टक्क्यांचा हिशेब करून पाहायचा.

दुकानात गिऱ्हाइकाच्या खात्यावर नव्वद रुपये येणे दिसत होते. पैसे पूर्ण देऊनही त्याला तगाद्याचा फोन गेला होता. आम्ही त्याच्या खात्यावर नव्वद जमा धरले आणि शुल्कावरचा नव्वदचा कर इनपुट क्रेडिटच्या खात्याला टाकला. पुस्तकातली बँकेची शिल्लक १,८४,३५० होती तीच राहिली.